एडीएक्स बघून ठरवा: ट्रेंडच्या मागे जायचं की रेंजमधे खेळायचं

आरएसआय ३० च्या खाली गेला, म्हणजे शेअर जास्तच पडलाय असा इशारा आला, म्हणून तो घेतला आणि तो तिथून अजून १५ टक्के पडला. किंवा ब्रेकआऊट आला म्हणून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी भाव परत आत येऊन बसला. नवीन लोकांचे बरेचसे लॉस फिरून फिरून या दोन प्रकारात येतात. यात गंमत अशी की दोन्ही वेळी पद्धत तशी बरोबरच असते, फक्त ती भलत्या मार्केटमधे वापरलेली असते. भाव वर निघालाय तर त्याच्या मागे जा, ही पद्धत ट्रेंडमधे पैसे देते. खाली आला की घे आणि वर गेला की वीक, ही रेंजमधे. मग आत्ता समोरच्या चार्टवर यातलं काय चालू आहे हे कसं ओळखायचं? डोळ्याने ओळखता येतं खरं, पण डोळ्याला जे हवं असतं तेच दिसतं, म्हणून एक आकडा हाताशी असलेला बरा. तो आकडा म्हणजे एडीएक्स.

हे इंडिकेटर वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकन माणसाचं. मूळचा मेकॅनिकल इंजिनियर. १९७८ साली त्याचं पुस्तक आलं त्यात हे होतं, आणि आरएसआय, एटीआर, पॅराबोलिक एसएआर हेही त्याच पुस्तकातून आले. त्याने हे कमोडिटी फ्युचर्सच्या डेली चार्टसाठी बनवलं होतं, हे लक्षात ठेवा, कारण पुढे ५ मिनिटांच्या चार्टचा विषय येईल तेव्हा लागेल.

आधी चार्टवर लावून घ्या

ट्रेडिंगव्ह्यूवर इंडिकेटरच्या सर्चमधे `Directional Movement Index` टाका. तिथे `Average Directional Index` असंही एक आहे पण त्यात एकच लाईन येते, आपल्याला तीन हव्यात: `ADX`, `+DI` आणि `-DI`. ब्रोकरच्या अॅपमधे नाव थोडं वेगळं असू शकतं, तिथे डीएमआय किंवा एडीएक्स असं शोधलं की सापडतं. सेटिंगमधे दोन आकडे दिसतील, डीआय लेंग्थ आणि एडीएक्स स्मूदिंग, दोन्ही १४ ठेवा आणि पहिले काही महिने त्यांना हात लावू नका. सोबत एटीआर १४, म्हणजे शेअर दिवसाला सरासरी किती हलतो तो आकडा, आणि २० दिवसांचा ईएमए, म्हणजे भावाची चालती सरासरी, पण लावून ठेवा, स्टॉपलॉससाठी आणि पुलबॅक, म्हणजे चढता भाव मधेच थोडा मागे येतो, तो ओळखायला लागणार आहेत. चार्ट डेलीच ठेवा.

आकडा कुठून येतो ते एकदा बघा

हा भाग लोक सोडून देतात आणि मग एडीएक्सकडून नको ते विचारत बसतात. गणित अवघड नाहीये, वजाबाकी आणि भागाकार एवढंच आहे.

समजा काल शेअरचा हाय ४५२, लो ४४४ आणि क्लोज ४४६ होता. आज हाय ४५९, लो ४४७, क्लोज ४५७. म्हणजे आज हाय कालच्यापेक्षा ७ रुपयांनी वर सरकला आणि लो काही खाली गेला नाही. वर सरकण्याला प्लस डीएम म्हणायचं आणि खाली सरकण्याला मायनस डीएम, तर आजच्या खात्यात प्लस डीएम ७, मायनस डीएम शून्य. उद्या समजा हाय ४६१ झाला आणि लो ४४१. वरच्या बाजूला २ रुपये सरकला, खालच्या बाजूला ६. इथे दोन्ही मोजायचे नाहीत, ज्या बाजूला जास्त सरकला ती एकच बाजू मोजायची, म्हणून मायनस डीएम ६ आणि प्लस डीएम शून्य. आणि एखाद्या दिवशी कॅन्डल आदल्या दिवसाच्या पोटातच राहिली, तर दोन्ही शून्य.

याच्या जोडीला ट्रू रेंज काढायची. दिवसाचा हाय-लो मधला फरक, किंवा कालच्या क्लोजपासून आजच्या हायपर्यंतचं किंवा लोपर्यंतचं अंतर, यात जे मोठं ते. पहिल्या उदाहरणात हाय-लो फरक १२ आहे पण कालच्या ४४६ क्लोजपासून ४५९ पर्यंत १३ होतात, म्हणून ट्रू रेंज १३.

आता हे तिन्ही आकडे १४ दिवसांवर गुळगुळीत करायचे, म्हणजे त्यांची चालती सरासरी काढायची, आणि प्लस डीएमला ट्रू रेंजने भागून १०० ने गुणायचं की प्लस डीआय मिळतो, तसाच मायनस डीआय. म्हणजे भाव एकूण जेवढा हलला त्यातला किती भाग वर जाण्यात गेला आणि किती खाली जाण्यात. शेवटी या दोघांची रस्सीखेच किती एकतर्फी आहे ते मोजायचं:

```
DX  = 100 × |(+DI) − (−DI)| / ((+DI) + (−DI))
ADX = (13 × कालचा ADX + आजचा DX) / 14
```

प्लस डीआय ३० आणि मायनस डीआय १२ असेल तर फरक १८, बेरीज ४२, डीएक्स जवळपास ४३. एक बाजू चांगलीच जोरात आहे. प्लस डीआय २१ आणि मायनस १८ असेल तर फरक ३, बेरीज ३९, डीएक्स ८ पण नाही. दोघं बरोबरीत खेचतायत, दोरी जागच्या जागी.

फॉर्म्युल्यात त्या दोन उभ्या रेघा आहेत ना, त्यामुळे फरकाची दिशा निघून जाते. म्हणून एडीएक्स वर चाललाय म्हणजे भाव वर चाललाय असं अजिबात नाही. शेअर रोज पडत असेल तरी एडीएक्स वर जातो. दिशा हवी असेल तर दोन डीआयमधे वर कोण आहे ते बघायचं. हे एकदा कळलं तरी निम्मं काम झालं असं माझं मत आहे, कारण एडीएक्स ४० बघून खरेदी करणारे लोक मी अजूनही बघतो आणि शेअर पार लोळत असतो.

अजून एक बारीक गोष्ट. सगळं ट्रू रेंजने भागलेलं असल्यामुळे एडीएक्सला चाल किती मोठी आहे ते कळत नाही, ती किती एकतर्फी आहे एवढंच कळतं. रोज पाव टक्का सरळ चढणाऱ्या सुस्त शेअरचा एडीएक्स ४० दिसू शकतो आणि महिन्यात २० टक्के वर गेलेल्या पण उड्या मारत गेलेल्या शेअरचा २२. त्यामुळे दोन शेअरचे एडीएक्स शेजारी ठेवून यात जास्त पैसे मिळतील असा अंदाज बांधू नका.

तीन खाने पाडा, दोन नाही

इंटरनेटवर सगळीकडे मिळतं की २५ च्या वर ट्रेंड आणि खाली रेंज. एकच रेघ ठेवली की काय होतं, आज एडीएक्स २४.६, उद्या २५.२, परवा २४.८, आणि तुम्ही रोज पार्टी बदलत बसता. म्हणून मधे मोकळी पट्टी ठेवायची.

एडीएक्स २५ च्या वर आहे आणि तीन दिवसांपूर्वी होता त्याच्यापेक्षा जास्त आहे: ट्रेंडवाली पद्धत. जो डीआय वर असेल त्याच बाजूने.

एडीएक्स २० च्या खाली आहे: रेंजवाली पद्धत, पण चार्टवर खरंच वरची आणि खालची भिंत दिसत असेल तरच. म्हणजे दोन्ही बाजूंना भाव किमान दोनदा तरी धडकून परत आलेला हवा. नुसता आकडा कमी आहे म्हणून रेंज आहे असं होत नाही, कधी कधी भाव नुसताच वेडावाकडा पसरलेला असतो, त्यात दोन्ही पद्धती मार खातात.

२० ते २५ च्या मधे असेल तर नवीन ट्रेड नाही, जुना चालू असेल तर त्याच्याच नियमाने चालू ठेवायचा. आणि चौथी अवस्था, जी लोकांना सगळ्यात जास्त गोंधळात पाडते, ती म्हणजे एडीएक्स २५ च्या वर आहे पण खाली उतरतोय. याचा अर्थ ट्रेंड उलटला असा नाही आणि रेंज सुरू झाली असाही नाही. चाल दमली, एवढंच. त्यात नवीन एन्ट्री घ्यायची नाही, हातात असलेल्यातलं थोडं कमी करायचा विचार करायचा.

२० आणि २५ हे आकडे काही देवाने दिलेले नाहीत. कोणी १८ आणि २३ वापरतं, कोणी फक्त चढता-उतरता बघतं. आपल्या शेअरचा मागचा दोन-तीन वर्षांचा चार्ट बघून थोडे हलवले तर हरकत नाही, पण प्रत्येक शेअरला वेगळे आकडे शोधत बसलात तर ते मागच्या डेटावर बेतलेले कपडे होतात, पुढच्या डेटाला बसत नाहीत.

उशीर किती होतो, ते मोजून बघू

माझ्या मते एडीएक्स वापरायचा असेल तर सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. वर फॉर्म्युला बघा, रोजच्या एडीएक्समधे कालच्याचे १३ भाग आणि आजच्या डीएक्सचा एकच भाग. म्हणजे जड लोखंडी गेट, ढकलल्यावर सावकाश सरकतं. आणि डीआय स्वतः आधीच १४ दिवसांवर गुळगुळीत केलेले आहेत, म्हणजे उशीर दोनदा जोडला गेलाय.

समजा एडीएक्स १५ वर पडून आहे आणि अचानक चाल सुरू झाली, डीएक्स पहिल्याच दिवशी ४० झाला आणि तिथेच टिकला. ही खरं तर फार दयाळू कल्पना आहे, डीएक्स एका दिवसात असा उडत नाही. तरी पण एडीएक्स असा चालतो: पहिल्या दिवशी १६.८, मग १८.४, तिसऱ्या दिवशी २०.०, मग २१.४, २२.७, २४.०, आणि सातव्या दिवशी कुठे २५.१. सात ट्रेडिंग दिवस, म्हणजे जवळपास दीड आठवडा. खऱ्या चार्टवर याहून जास्त.

उतरताना तर अजूनच वेळ. एडीएक्स ४० वर आहे आणि मार्केट एकदम थंड पडून डीएक्स १० वर आला असं धरलं तर एडीएक्स २५ च्या खाली यायला १० दिवस लागतात आणि २० वर यायला १५ दिवस. तीन आठवडे रेंज चालू आहे आणि आकडा अजून ट्रेंडच्या आठवणीत.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. एक, एडीएक्स २५ क्रॉस झाला त्या दिवशीच्या भावाला धावत जाऊन घ्यायचं नाही, कारण तोपर्यंत भाव बराच पळालेला असतो, पुलबॅकची वाट बघायची. दुसरी, रेंजमधे ट्रेड असेल आणि भिंत तुटली तर एडीएक्स २० च्या वर जाईल मग बाहेर पडू असं म्हणत थांबायचं नाही. स्टॉपलॉस नेहमी भावावर, एडीएक्सवर कधीच नाही. एडीएक्सने पद्धत निवडायची, आत-बाहेर करायचं ते भाव बघून.

एकच शेअर, आधी रेंज मग ट्रेंड

आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेले आहेत, कुठल्याही खऱ्या शेअरचे नाहीत. कॅपिटल २ लाख, एका ट्रेडमधे जास्तीत जास्त १ टक्का म्हणजे २,००० रुपये घालवायची तयारी.

शेअर दोन महिने ४४० ते ४७० च्या मधे फिरतोय. ४४० वरून तीनदा परतला, ४७० वरून दोनदा. एडीएक्स १५, दोन्ही डीआय एकमेकांत गुंतलेले, दर आठवड्याला क्रॉस होतायत. एटीआर ६ रुपये, म्हणजे रेंजची रुंदी पाच एटीआर आहे, ठीक आहे. रुंदी तीन एटीआरपेक्षा कमी असेल तर सोडून द्या, दोन दिवसांच्या साध्या हलण्यात तुमचा स्टॉपही उडेल आणि टार्गेटही लागेल, नुसती ब्रोकरेज आणि एसटीटीची भरती.

भाव ४४१ पर्यंत येऊन ४४४ वर क्लोज देतो, खालची शेपटी लांब. दुसऱ्या दिवशी ४४४ ला घेतला. स्टॉपलॉस ४३६, भिंतीच्या थोडा पलीकडे, कारण अगदी ४४० ला ठेवला तर सगळ्यांचे तिथेच असतात आणि एक टोचा मारून भाव परत वर जातो. एका शेअरमागे रिस्क ८ रुपये, २,००० भागिले ८ म्हणजे २५० शेअर, पैसे लागले १,११,०००. टार्गेट ४७० नाही, ४६६. भिंतीला हात लावायची वाट बघायची नाही, जवळ आला की द्यायचा. मिळालं तर २२ गुणिले २५० म्हणजे ५,५०० रुपये.

यात धोका कुठे आहे? रेंजवाल्या पद्धतीत छोटे छोटे फायदे बरेचदा होतात आणि शेवटचा ट्रेड, ज्यात रेंज तुटते, तो दणका देतो. समजा रिझल्ट खराब आला आणि शेअर ४२५ ला गॅप डाऊन उघडला, तर ४३६ चा स्टॉप तिथेच लागेल असं नाही, ४२५ च्या आसपास विकला जाईल, लॉस १९ गुणिले २५० म्हणजे ४,७५० रुपये. म्हणून रिझल्टच्या आदल्या दिवशी रेंजचा ट्रेड घेऊन बसायचं नाही. आणि ४७० ला शॉर्ट करू का, असं विचाराल तर कॅशमधे शॉर्ट दुसऱ्या दिवसापर्यंत नेता येत नाही, त्यासाठी फ्युचर्स लागतात, लॉट मोठा, मार्जिन मोठं. सुरुवातीला रेंजमधे फक्त खालच्या भिंतीवर घ्यायचं, वर विकायचं आणि मोकळं बसायचं.

तर धरा ४६६ ला विकला. चार दिवसांनी शेअर ४७६ ला क्लोज देतो, व्हॉल्यूम चांगला, एडीएक्स अजून १५ च. इथे एडीएक्स काहीच सांगत नाहीये आणि सांगणारही नाही, पण रेंजची पद्धत भावाने बंद केली, आता ४७० ला आला की वीक वगैरे संपलं. पुढच्या सात-आठ दिवसांत शेअर ४९८ पर्यंत जातो, प्लस डीआय मायनसच्या बराच वर सुटलेला, आणि एडीएक्स २५.१, तीन दिवसांपूर्वी २१.४ होता. ट्रेंडचा खाना उघडला. पण भाव २० ईएमएपासून लांब आहे म्हणून थांबायचं.

तीन-चार दिवसांत भाव ४८२ पर्यंत येतो, २० ईएमए तिथेच आसपास, आणि एक हिरवी कॅन्डल आदल्या दिवसाच्या हायच्या वर क्लोज देते. या मधल्या दिवसांत एडीएक्स सपाट झाला असेल तर चालतं, पुलबॅकमधे तो चढायचा थांबतोच, पण २५ च्या आसपास टिकलेला हवा आणि प्लस डीआय वरच हवा. ४८६ ला घेतला. एटीआर आता ८ झालाय, दोन एटीआर म्हणजे १६, स्टॉपलॉस ४७०. जुनी वरची भिंतही ४७० च, हे छान जुळलं. २,००० भागिले १६ म्हणजे १२५ शेअर, पैसे ६०,७५०. बघा, ट्रेंडमधे स्टॉप रुंद म्हणून शेअरची संख्या निम्मी झाली, रिस्क तीच.

इथे टार्गेट ठेवायचं नाही. ही सवय रेंजवाल्याला लागायला जड जाते. शेअर पुढे ५६० चा हाय लावतो, एडीएक्स ४३ पर्यंत जाऊन सलग दोन दिवस उतरतो. वाइल्डरचाही साधारण असाच सल्ला होता, एडीएक्स दोन्ही डीआयच्या वर असताना वळला की थोडा फायदा खिशात टाकायचा. ५५२ ला ६२ शेअर विकले, ६६ रुपये प्रमाणे ४,०९२. उरलेल्या ६३ साठी स्टॉप सर्वात वरच्या हायपासून तीन एटीआर खाली, एटीआर आता ११ म्हणजे ५२७. काही दिवसांनी तो लागला, ४१ गुणिले ६३ म्हणजे २,५८३. एकूण ६,६७५, खर्च वजा करायचा बाकी. प्रत्येक वेळी असं होत नाही हे वेगळं सांगायला नको, ट्रेंडच्या पद्धतीत निम्म्याहून जास्त ट्रेड छोट्या लॉसमधे जाणं नेहमीचं आहे, एखादा मोठा मिळतो त्यावर हिशोब बसतो.

२०२० चा निफ्टी उघडून बघा

दिशा आणि उशीर दोन्ही एकाच ठिकाणी बघायचे असतील तर निफ्टीचा २०२० चा डेली चार्ट उघडा. जानेवारीत निफ्टी १२,४३० पर्यंत गेला होता. फेब्रुवारीच्या शेवटी पडायला लागला, १३ मार्चला सकाळी लोअर सर्किट लागून ट्रेडिंग थांबलं, २३ मार्चला परत सर्किट आणि एका दिवसात जवळपास १३ टक्के साफ, क्लोज ७,६१०. २४ मार्चला ७,५११ चा लो. या सगळ्या काळात एडीएक्स उभाच्या उभा वर गेलेला दिसेल, मायनस डीआय वर, प्लस डीआय तळाला. इथे आरएसआय ओव्हरसोल्ड आहे म्हणून घेणाऱ्याला तो आकडा थांब म्हणत होता.

पण पुढचं जास्त शिकण्यासारखं आहे. एप्रिलअखेर निफ्टी ९,८६० च्या आसपास आला, म्हणजे तळापासून ३० टक्क्यांहून वर, आणि या चढत्या काळात एडीएक्स उतरत होता. का, तर मायनस डीआय वरून खाली येतोय आणि प्लस डीआय खालून वर, दोघं जवळ जवळ येतायत, फरक कमी होतोय, म्हणून डीएक्स कमी. दोन डीआय एकमेकांना क्रॉस करतात त्या क्षणी तर डीएक्स शून्य असतो. त्यामुळे व्ही आकाराच्या वळणात एडीएक्स नवीन ट्रेंडला नो ट्रेंड म्हणतो आणि त्यात त्याला दोष देऊन उपयोग नाही, तो बनलाच तसा आहे. असली वळणं या पद्धतीने मिळत नाहीत, सोडून द्यायची.

आकडा खोटा कधी असतो

शेअर स्प्लिट किंवा बोनस झाला आणि चार्टचा डेटा अॅडजस्ट केलेला नसेल, तर १,००० चा शेअर एका रात्रीत २०० दिसतो, एवढा मोठा मायनस डीएम येतो की पुढचे कित्येक आठवडे एडीएक्स आभाळात. चार्टवर मोठी रिकामी दरी दिसली की आधी कॉर्पोरेट अॅक्शन तपासा.

दुसरा प्रकार आपल्याकडे खास, सर्किटवाले स्मॉलकॅप. रोज ५ टक्के अप्पर सर्किटला उघडून तिथेच बंद होणाऱ्या शेअरमधे हाय, लो, क्लोज सगळं एकच. भाव जेवढा हलला तेवढा सगळाच वर, म्हणून प्लस डीआय १०० कडे आणि एडीएक्सही त्याच्या मागे. स्कॅनरमधे एडीएक्स जास्त असलेले शेअर अशी यादी लावली की ही मंडळी सगळ्यात वर येतात. विकणाराच नसतो म्हणून तुम्हाला शेअर मिळत नाही, आणि उलटे सर्किट सुरू झाले की घेणारा नसतो. स्कॅनमधे एडीएक्स ६० च्या वर दिसला की आधी कॅन्डल बघा, नुसत्या आडव्या रेघा असतील तर पुढे चला.

तिसरं, ५ मिनिटांचा चार्ट. मार्केट ९:१५ ला उघडतं, रात्रीचा गॅप पहिल्या कॅन्डलच्या ट्रू रेंजमधे आणि डीएममधे घुसतो, आणि १४ कॅन्डल म्हणजे ७० मिनिटं. साधारण साडेदहापर्यंत तो आकडा कालचा शेवट आणि आजचा गॅप यांचीच खिचडी असतो. इंट्राडेमधे वापरायचाच असेल तर १५ मिनिटांवर वापरा आणि गॅपच्या दिवशी सकाळी त्याच्याकडे बघू नका.

आणि दोन अॅपमधे एडीएक्स वेगळा दिसला तर घाबरू नका. फॉर्म्युल्यात कालचा आकडा लागतो, त्याला परवाचा, असं मागे मागे जातं, त्यामुळे कोणी डेटा कुठून सुरू केला यावर फरक पडतो. नवीन लिस्ट झालेल्या शेअरमधे पहिले २७-२८ दिवस तर एडीएक्स निघतच नाही आणि त्यानंतरही बरेच दिवस कच्चा असतो. आयपीओनंतर सहा महिने तरी जाऊ द्या.

पैसे लावायच्या आधी चार्ट रंगवा

ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन एडिटरमधे हे टाका आणि `Add to chart` करा:

```
//@version=5
indicator("ADX Mode", overlay=true)
[p, m, adx] = ta.dmi(14, 14)
isTrend = adx > 25 and adx > adx[3]
isRange = adx < 20
c = p > m ? color.green : color.red
bgcolor(isTrend ? color.new(c, 85) : isRange ? color.new(color.gray, 85) : na)
```

वरच्या ट्रेंडमागे हिरवा रंग येईल, खालच्यामागे लाल, रेंजमागे राखाडी, बाकी पांढरं. तुम्ही ज्या चार-पाच शेअरमधे ट्रेड करता त्यांचे मागचे तीन वर्षांचे चार्ट असे रंगवा आणि एका वहीत प्रत्येक हिरव्या पट्ट्यासाठी लिहा, पट्टा सुरू झाला तो भाव, त्यानंतर पहिला २० ईएमएचा पुलबॅक कुठे आला, आणि तिथून दोन एटीआरचा स्टॉप लागला की नाही. राखाडीसाठी लिहा की भिंती दिसत होत्या का आणि रेंज तुटली त्या दिवशी एडीएक्स किती होता. काही शेअरमधे हिरवे पट्टे लांब आणि कमी असतात, काहींमधे बारीक बारीक आणि लगेच संपणारे. दुसऱ्या प्रकारचे शेअर ट्रेंडच्या यादीतून काढून टाका, त्यांचे राखाडी पट्टे चांगले असतील तर रेंजच्या यादीत ठेवा, आणि दोन्ही वाईट असतील तर तो शेअर कितीही आवडता असला तरी या पद्धतीसाठी नाही.